व्हेंट्रिकलला टेकलेला ठिपका: फ्लेअरवर डिमायलिनेशनचे प्लाक कसे ओळखावेत

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसमोर मेंदूचा एमआरआय उघडला आणि काय दिसतंय असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, "व्हाइट मॅटरमध्ये पांढरे ठिपके आहेत." उत्तर चूक नसतं, पण त्यातून निदानाच्या दिशेने एक पाऊलही पडत नाही. असे ठिपके मायग्रेनच्या रुग्णात दिसतात, वर्षानुवर्षं रक्तदाब असलेल्या माणसात दिसतात आणि कसलीही तक्रार नसलेल्या साठीच्या माणसातही दिसतात. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएसमधला डिमायलिनेशनचा प्लाक या गर्दीतून वेगळा काढायचा, तर ठिपके मोजायला लागण्याआधी प्रत्येक ठिपक्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा व्हेंट्रिकलच्या भिंतीला टेकला आहे का? आणि याची लांबी कोणत्या दिशेला आहे?

हा लेख नव्या रेसिडेंटसाठी, एमआरआय तंत्रज्ञांसाठी आणि रिपोर्टसोबत इमेजही स्वतः पाहायची सवय लावू इच्छिणाऱ्या फिजिशियन मंडळींसाठी आहे. रुग्णांनी यावरून स्वतःच्या प्लेटचं निदान करू नये. निदान कायम लक्षणं, तपासणी आणि स्कॅन एकत्र ठेवून होतं, आणि ते न्यूरोलॉजिस्टचं काम आहे.

फ्लेअरच का

मायलिन हे मज्जातंतूंवरचं चरबीयुक्त आवरण. ते शाबूत असतं तिथे मोकळ्या पाण्याला फारशी जागा नसते. आवरण गेलं, सूज आली, की तिथे पाणी वाढतं आणि टी-टू इमेजवर तो भाग पांढरा होतो. अडचण अशी, की टी-टूवर व्हेंट्रिकलमधला सीएसएफही पांढराशुभ्र असतो. त्यामुळे भिंतीला चिकटलेला पांढरा प्लाक त्या पांढऱ्या पाण्यात विरघळून जातो, आणि एमएसचे सर्वांत बोलके प्लाक नेमके त्याच जागी असतात.

फ्लेअर ही मुळात टी-टूच, फक्त तिच्यातला सीएसएफ काळा केलेला. सुरुवातीला एक उलटा पल्स देतात आणि सीएसएफचा सिग्नल शून्यातून जात असतो त्या क्षणी मोजणी सुरू करतात. दोन मितींच्या नेहमीच्या फ्लेअरमध्ये हा थांबा साधारण २,२०० ते २,५०० मिलिसेकंदांचा असतो. पाणी काळं, व्हाइट मॅटर राखाडी आणि प्लाक पांढरा, अशी तीन रंगांची फारकत झाली की व्हेंट्रिकलची कड स्वच्छ दिसते.

आधी इमेज नीट लावून घ्या

समोर आहे ती खरंच फ्लेअर आहे ना, हे पाहा. टी-वनवरही सीएसएफ काळा असतो, म्हणून नवशिके इथे फसतात. टी-वनवर व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा उजळ असतं. फ्लेअरवर उलट, ग्रे मॅटर किंचित उजळ आणि व्हाइट मॅटर थोडं गडद.

मग विंडो लावा. कॉन्ट्रास्ट फार ताणला तर व्हेंट्रिकलच्या कडेची साधी झाकही प्लाकसारखी चमकते. फार सैल ठेवला तर चार मिलिमीटरचा खरा प्लाक नजरेतून सुटतो. माझी पद्धत अशी: निरोगी व्हाइट मॅटर मधला राखाडी दिसेल आणि कॉर्टेक्स त्याहून जेमतेम उजळ दिसेल इथे थांबायचं, आणि पूर्ण अभ्यास संपेपर्यंत विंडोला हात लावायचा नाही. मधेच बदलली की आधीच्या स्लाइसशी तुलनाच उरत नाही.

स्लाइसची जाडीही आताच बघून ठेवा. थ्रीडी फ्लेअर असेल, म्हणजे १ मिमीच्या घनाचा डेटा असेल, तर तिन्ही प्रतलांत इमेज फिरवून पाहता येते. अनेक सेंटरवर अजून ५ मिमीची अ‍ॅक्सिअल फ्लेअरच मिळते, मध्ये गॅप ठेवून. अशा स्लाइसमध्ये व्हेंट्रिकलपासून दोन मिलिमीटर लांब असलेला ठिपकाही भिंतीला टेकल्यासारखा दिसू शकतो, कारण जाड स्लाइस वरचं-खालचं सगळं एका चित्रात मिसळते. त्या अभ्यासावर "टेकलेला आहे" हे विधान जरा जपून करावं.

कडेवर नेहमी काय असतं, ते आधी ओळखा

प्लाक शोधायच्या आधी निरोगी कड डोळ्यांत बसायला हवी. लॅटरल व्हेंट्रिकलच्या भोवती फ्लेअरवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक उजळ रेघ असते. पुढच्या शिंगांच्या टोकांवर, म्हणजे फ्रंटल हॉर्नच्या कोपऱ्यांत, छोट्या पांढऱ्या टोप्या असतात. तिथे व्हाइट मॅटरची वीण सैल आणि पाणी थोडं जास्त असतं. मागे ट्रायगोनच्या आसपासही पुसट धूसरपणा असतो. वय वाढतं तशी ही झाक जाड होते.

या सगळ्यांना जोडणारी खूण म्हणजे सारखेपणा. उजवीकडे जशी टोपी तशीच डावीकडे, कड गुळगुळीत, आणि झाक भिंतीला समांतर पसरलेली, धोतराच्या काठासारखी. प्लाक असा वागत नाही. तो एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला लहान किंवा नसतोच, कडा ठसठशीत, आणि तो भिंतीला समांतर न जाता भिंतीतून बाहेर उभा राहतो.

टेकला आहे का

आता प्रत्येक ठिपक्यावर जा. ठिपका आणि व्हेंट्रिकल यांच्यामध्ये निरोगी राखाडी व्हाइट मॅटरची पट्टी दिसते का? दिसली, कितीही बारीक असली तरी, तर तो ठिपका पेरिव्हेंट्रिक्युलर मोजायचा नाही. तो डीप व्हाइट मॅटरमधला. व्हेंट्रिकलच्या जवळ असणं आणि व्हेंट्रिकलला लागून असणं यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि रिपोर्टांमध्ये सर्वांत जास्त गल्लत इथेच झालेली मी पाहिली आहे.

मापही घ्या. सर्वांत लांब बाजू किमान ३ मिमी भरली पाहिजे. त्याहून लहान ठिपक्यांवर निदान उभारू नये. शिवाय तो किमान एका दुसऱ्या सिक्वेन्सवर, शक्यतो टी-टूवर, त्याच जागी दिसला पाहिजे.

दिशा कोणती

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबू.

व्हाइट मॅटरमधून रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा, मेड्युलरी व्हेन्स, कॉर्टेक्सच्या खालून निघून व्हेंट्रिकलकडे उतरतात आणि भिंतीलगतच्या मोठ्या शिरांना मिळतात. भिंतीला त्या जवळजवळ काटकोनात येऊन भिडतात. एमएसमधला दाह याच लहान शिरांभोवती सुरू होतो आणि शिरेच्या लांबीने पसरतो. म्हणून प्लाक गोल न राहता लांबट, अंड्यासारखा होतो, त्याची लांब बाजू शिरेच्या दिशेने, म्हणजे भिंतीला काटकोनात असते, आणि त्याचं बूड व्हेंट्रिकलवर टेकलेलं असतं. एडिनबरोच्या जेम्स वॉकर डॉसन यांनी १९१६ साली मायक्रोस्कोपखाली हे शिरांभोवतीचे लांबट प्लाक सविस्तर नोंदवले. आज आपण त्यांना डॉसनची बोटं म्हणतो.

अ‍ॅक्सिअल स्लाइसवर, लॅटरल व्हेंट्रिकलचा मधला भाग दिसतो त्या पातळीला, ही बोटं व्हेंट्रिकलच्या बाजूंकडून कानाच्या दिशेने आडवी निघालेली दिसतात. पण त्यांचं खरं रूप सॅजिटलवर कळतं. मध्यरेषेपासून थोडं बाजूला सरका, व्हेंट्रिकलचं छत दिसू द्या. छतावरून वर उभ्या राहिलेल्या, समईतल्या ज्योतींसारख्या पांढऱ्या आकृती दिसल्या, तर त्या चित्राला फार कमी पर्याय उरतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी अ‍ॅक्सिअल उघडण्याआधी सॅजिटल फ्लेअर उघडायला लावतो, ती यासाठीच. ज्या सेंटरवर प्रोटोकॉलमध्ये सॅजिटल फ्लेअर नसते, तिथे एमएसची शंका लिहून आली असेल तर तंत्रज्ञांनी ती जरूर जोडावी. काही मिनिटांचं काम आहे आणि त्यावर बरंच ठरतं.

शिरेशी असलेलं हे नातं थेट पाहता येतं. सस्सेप्टिबिलिटी वेटेड इमेजवर शिरा काळ्या दिसतात. प्लाकच्या मधोमध अशी काळी रेघ किंवा टिंब दिसलं तर त्याला सेंट्रल व्हेन साइन म्हणतात. लहान धमन्यांच्या आजारातल्या ठिपक्यांत ही खूण क्वचित भेटते. एमएसच्या निदानासाठी वापरले जाणारे मॅकडॉनल्ड निकष २०२४ साली सुधारले गेले, तेव्हा या खुणेलाही त्यांत जागा मिळाली.

कॉर्पस कॅलोझमची खालची बाजू

मध्यरेषेवरच्या सॅजिटल स्लाइसवर दोन्ही अर्धगोलांना जोडणारी कॉर्पस कॅलोझमची कमान पूर्ण दिसते. तिच्या खालच्या कडेवरून, जिथे सेप्टम पेल्युसिडम तिला मिळतं तिथून, नजर पुढून मागे हळू फिरवा. निरोगी माणसात ही कड एकसारखी गडद आणि सरळ असते. एमएसमध्ये तिथे फार लवकर, कधीकधी इतरत्र काही ठळक दिसण्याआधीच, टिंब आणि छोट्या रेघा उमटतात आणि कड कुरतडल्यासारखी दिसते.

या जागेला एवढं वजन का? कॅलोझमला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आखूड असतात आणि रक्तदाब-मधुमेहातला लहान धमन्यांचा आजार तिला सहसा सोडून देतो. त्यामुळे व्हाइट मॅटरमध्ये वीस ठिपके आहेत आणि कॅलोझम मात्र स्वच्छ आहे, असं चित्र असेल तर मी आधी रुग्णाचं वय आणि रक्तदाब विचारतो. निकषांच्या हिशेबात कॅलोझममधला प्लाक पेरिव्हेंट्रिक्युलर गटातच धरतात.

प्लाक कॅलोझमच्या खालच्या कडेवर न बसता तिच्या ऐन गाभ्यात बर्फाच्या गोळ्यासारखे गोल असतील, तर सुसाक सिंड्रोम आठवावा. त्यात डोकेदुखी, ऐकू कमी येणं आणि रेटिनाच्या धमन्यांचा अडथळा असतो.

टेम्पोरल हॉर्नही विसरू नका. लॅटरल व्हेंट्रिकलचं हे खालचं शिंग घाईत सुटतं. कोरोनल किंवा खालच्या अ‍ॅक्सिअल स्लाइसवर त्याच्या कडेला टेकलेला प्लाक एमएसच्या बाजूने चांगला पुरावा असतो, आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिकापासून एमएस वेगळा काढताना तो विशेष उपयोगी पडतो. न्यूरोमायलायटिसमध्ये बदल तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलभोवती, मेड्युलाच्या मागच्या बाजूला, किंवा कॅलोझमच्या लांबीभर पसरलेले असतात आणि डॉसनची बोटं सहसा नसतात.

फ्लेअर कुठे फसवते

कवटीच्या मागच्या खालच्या खणात, म्हणजे ब्रेनस्टेम आणि सेरेबेलमपाशी, फ्लेअरवर विसंबू नये. तिथले खरे प्लाक तिच्यावर पुसट राहतात आणि टी-टूवर जास्त चांगले दिसतात. उलट, सीएसएफ जिथे जोरात वाहतो तिथे उलट्या पल्सचा परिणाम न झालेलं ताजं पाणी स्लाइसमध्ये शिरतं आणि पांढरं दिसतं. चौथं व्हेंट्रिकल, पॉन्सच्या समोरची जागा आणि फोरामेन ऑफ मन्रो या ठिकाणी हे वारंवार होतं. टी-टूवर त्याच जागी ऊतीत बदल नसेल, तर तो प्रवाहाचा भास समजावा.

भूल देऊन, जास्त ऑक्सिजनवर स्कॅन केला तर मेंदूच्या खाचांतला सीएसएफ पांढरा राहतो. दातांच्या तारांमुळेही जवळच्या भागात पाणी नीट काळं होत नाही. जुना प्लाक आतून पोखरला असेल तर त्याचा मध्यभाग सीएसएफसारखा काळा आणि कड तेवढी पांढरी दिसते. याउलट रक्तवाहिनीभोवतीची साधी मोकळी जागा टी-टूवर पांढरी आणि फ्लेअरवर पूर्ण काळी असते, तिला पांढरी कड नसते.

एक अभ्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पुढची केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, कोणा एका रुग्णाची नाही.

२९ वर्षांची शिक्षिका. आठ दिवसांपासून उजव्या डोळ्याने धूसर दिसतं, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. ऑप्टिक न्युरायटिसच्या शंकेने ब्रेन एमआरआय, १ मिमीची थ्रीडी फ्लेअर.

सॅजिटलपासून सुरुवात. कॅलोझमच्या खालच्या कडेवर, मधल्या भागात, ५ मिमीचा लांबट पांढरा ठिपका. बाजूला सरकल्यावर उजव्या व्हेंट्रिकलच्या छतावरून वर निघालेलं ९ मिमी लांब, ४ मिमी रुंद बोट. अ‍ॅक्सिअलवर डाव्या ट्रायगोनपाशी ६ मिमीचा तिसरा, भिंतीला टेकलेला, मध्ये राखाडी पट्टी नाही. तिन्ही टी-टूवर त्याच जागी आहेत. एकाच गटातले तीन प्लाक झाले.

डाव्या फ्रंटल लोबमध्ये कॉर्टेक्सखाली ४ मिमीचा चौथा ठिपका आहे. रेसिडेंट लगेच "जक्स्टाकॉर्टिकल" लिहायला निघतो. कोरोनल प्रतलात फिरवून पाहिलं तर ठिपका आणि कॉर्टेक्स यांच्यात व्हाइट मॅटरची पट्टी स्पष्ट आहे. व्हेंट्रिकलला लावलेला नियमच इथे लागतो: टेकला नाही, म्हणून मोजायचा नाही. चौथ्या व्हेंट्रिकलच्या उजव्या कडेला फ्लेअरवर एक उजळ डाग आहे, पण टी-टूवर तिथे काहीच नाही. तो प्रवाहाचा भास, तोही बाद.

आता हिशेब बघा. मॅकडॉनल्ड निकषांच्या २०१७ च्या रूपात जागेतील प्रसार सिद्ध व्हायला चार जागांपैकी किमान दोन ठिकाणी प्रत्येकी किमान एक प्लाक लागतो. त्या जागा म्हणजे पेरिव्हेंट्रिक्युलर, कॉर्टेक्सला लागून किंवा कॉर्टेक्समध्ये, ब्रेनस्टेम-सेरेबेलम, आणि मणक्यातला स्पायनल कॉर्ड. इथे तीन प्लाक असूनही जागा एकच भरली आहे. वरचे दोन ठिपके घाईत मोजले असते तर तीन जागा झाल्या असत्या, आणि पुढचा सगळा विचार चुकीच्या पायावर उभा राहिला असता.

मग मानेच्या कॉर्डचा एमआरआय. सी-थ्रीच्या पातळीला मागच्या-बाजूच्या भागात ८ मिमी लांबीचा, एका मणक्याच्या उंचीहूनही आखूड प्लाक मिळतो. आता दुसरी जागा भरली. न्यूरोमायलायटिसमध्ये कॉर्डचा बदल बहुधा तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो, त्यामुळे इथली आखूड लांबीही एमएसच्याच बाजूने बोलते. २०२४ च्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्ह पाचवी जागा म्हणून धरली आहे. या शिक्षिकेच्या उजव्या नर्व्हमध्ये सूज दिसली तर तिचाही हिशेब होतो.

काळाचा प्रश्न कॉन्ट्रास्टने सुटतो. गॅडोलिनियम दिल्यावर उजवं बोट उजळतं, बाकीचे प्लाक उजळत नाहीत. ताजा प्लाक साधारण काही आठवडेच कॉन्ट्रास्ट घेतो, म्हणजे नवे आणि जुने प्लाक एकाच वेळी हजर आहेत.

रिपोर्टमध्ये मी हे असं लिहीन: तीन पेरिव्हेंट्रिक्युलर प्लाक, त्यांतला एक कॅलोझमच्या खालच्या कडेवर आणि एक भिंतीला काटकोनात, एक कॉर्डमध्ये, एकात कॉन्ट्रास्ट, डीप व्हाइट मॅटरमध्ये एक ठिपका, कोणत्याही गटात न मोजलेला. चित्र डिमायलिनेशनशी जुळतं, एमएसची शक्यता ठळक, लक्षणं आणि सीएसएफमधल्या ऑलिगोक्लोनल बँड्सच्या तपासणीशी जोडून पाहावं. चित्र वेगळं वळण घेऊ लागलं तर अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी.

शेजारी ठेवून पाहण्यासाठी

याच दिवशी ६४ वर्षांच्या, पंधरा वर्षं रक्तदाब असलेल्या गृहस्थांचा स्कॅन येतो. कारण डोकेदुखी. ठिपके शिक्षिकेपेक्षा कितीतरी जास्त. पण दोन्ही फ्रंटल हॉर्नवर सारख्याच टोप्या, भिंतीला समांतर गुळगुळीत पट्टा, बाकीचे ठिपके डीप व्हाइट मॅटरमध्ये सुटे. बेसल गँग्लियात दोन जुन्या बारीक इन्फार्क्टच्या खुणा. पॉन्सच्या ऐन मध्यात धूसरपणा. एमएसचे प्लाक तिथे पॉन्सच्या कडेला किंवा चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाशी बसले असते. सॅजिटलवर कॅलोझमची खालची कड सरळ आणि स्वच्छ.

इथे "डिमायलिनेशन नाकारता येत नाही" हे वाक्य रिपोर्टच्या शेवटी चिकटवायचा मोह होतो. ते लिहू नये. त्या एका ओळीने या गृहस्थांच्या मागे पाठीतून पाणी काढण्याची तपासणी, आणखी स्कॅन आणि महिनोन्‌महिन्यांची धास्ती लागू शकते. "लहान धमन्यांच्या दीर्घकालीन आजाराशी जुळणारे बदल, कॅलोझम, जक्स्टाकॉर्टिकल भाग आणि टेम्पोरल हॉर्नची कड मोकळी" एवढं लिहिलं की वाचणाऱ्या डॉक्टरांना काय पाहिलं आणि काय सापडलं नाही, दोन्ही कळतं.

शिक्षिकेचा पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच थ्रीडी फ्लेअर प्रोटोकॉलने करावा, हेही रिपोर्टमध्येच सुचवा. सहा महिन्यांनी ५ मिमीच्या स्लाइस आल्या, तर नवा प्लाक आला की जुनाच वेगळ्या जागी कापला गेला, हे सांगता येत नाही.